एस्प्रेसो आंबट आणि पाणचट येतोय? दळण, डोस आणि वेळ यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉफी आंबट आणि पाणचट लागते, म्हणजे नेमकं काय बिघडलेलं असतं?

बहुतेक वेळा पाणी पावडरीतून फार घाईने निघून गेलेलं असतं. कॉफीतले घटक एकदम विरघळत नाहीत. आंबटपणा देणारी आम्लं सगळ्यात आधी पाण्यात उतरतात, त्यामागून गोडवा येतो, आणि कडू-तुरट भाग सगळ्यात शेवटी. पाणी बारा-पंधरा सेकंदांत पळून गेलं, की आंबटपणा कपात येतो आणि त्याला तोलून धरणारा गोडवा मागे दाबलेल्या पावडरीच्या चकतीतच राहतो. एकूणच कमी घटक विरघळल्यामुळे कॉफी पातळ लागते, वरचा फेस फिकट पिवळा दिसतो आणि लगेच विरून जातो.

म्हणून उपाय जवळपास नेहमी दळणापासून सुरू होतो. पावडर बारीक केली, की पाण्याची वाट अडते आणि पावडरीचा जास्त पृष्ठभाग पाण्याला भेटतो, त्यामुळे दोन्ही तक्रारी एकाच बदलाने कमी होतात. बाकीचे उपाय यानंतरचे.

मला आंबट आणि कडू यांतला फरकच कळत नाही. उलट्या दिशेला गेलो तर?

ही अडचण खूप जणांना येते, कारण जोरदार चव आली की तोंड वाकडं होतं आणि आपण सरसकट ‘कडू’ म्हणून मोकळे होतो. आंबट कॉफीने जिभेच्या कडांना झिणझिण्या येतात आणि तोंडाला पाणी सुटतं, कैरीची फोड खाल्ल्यावर सुटतं तसं. कडवटपणा कारल्यासारखा घशापाशी रेंगाळतो. तुरटपणा तर वेगळाच. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरीत होते, तसं वाटतं.

एक प्रयोग जरूर करा, त्याला फार तर एक शॉट, म्हणजे एका वेळचा एस्प्रेसो, खर्च होईल. तीन लहान कप शेजारी ठेवा. शॉट सुरू झाल्यावर पहिल्या दहा सेकंदांत पडेल ते पहिल्या कपात, पुढच्या दहा सेकंदांचं दुसऱ्यात आणि उरलेलं तिसऱ्यात घ्या. थोडं निवू द्या आणि क्रमाने चाखा. पहिल्या कपातला द्रव दाट, काळपट आणि झोंबणारा आंबट असतो. दुसरा गोडसर असतो. तिसरा फिकट आणि कडसर. मग तिन्ही एकत्र करून प्या. एकदा हे केलं, की आपल्या रोजच्या कपात कुठला भाग कमी पडतोय हे जिभेला आपोआप समजायला लागतं.

मोजायचं काय काय? वजनकाटा घ्यायलाच हवा का?

हो. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा लहान काटा घ्या. मोजायच्या गोष्टी तीनच: डोस, म्हणजे बास्केट नावाच्या जाळीच्या वाटीत किती ग्रॅम पावडर घातली, कपात किती ग्रॅम कॉफी पडली आणि त्याला किती सेकंद लागले. सुरुवातीला १८ ग्रॅम पावडर, ३६ ग्रॅम कॉफी आणि २५ ते ३० सेकंद हे लक्ष्य धरा. सेकंद पंपाचं बटण दाबल्यापासून मोजा. काही जण पहिला थेंब पडल्यापासून मोजतात. तेही चालतं, पण दोन्ही पद्धतींची सरमिसळ करू नका.

कपातली कॉफी मिलिलिटरमध्ये मोजू नका. ताज्या बियांच्या शॉटवर फेसाचा जाड थर असतो आणि कप भरलेला दिसतो. शिळ्या बियांचा तेवढाच शॉट अर्ध्या कपात बसतो. काटा मात्र फसत नाही.

मग पहिला बदल कोणता करू?

डोस आणि कपातलं वजन तसंच ठेवा आणि फक्त दळण बारीक करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. शॉट १५ सेकंदांच्या आत येत असेल तर दोन खुणा बारीक करा. विसाच्या पुढे असेल तर एकच खूण पुरते. (प्रत्येक ग्राइंडरच्या खुणांचं अंतर निराळं असतं, तेव्हा पहिल्या दोन शॉटमध्ये आपल्या ग्राइंडरची एक खूण म्हणजे किती सेकंद ते पाहून ठेवा.) विजेचा ग्राइंडर बारीक करताना मोटर चालू ठेवा, म्हणजे पात्यांमध्ये बिया अडकून बसत नाहीत.

इथे हमखास राहून जाणारी एक पायरी आहे. खूण बदलली, तरी ग्राइंडरच्या नळीत आधीच्या दळणाची पावडर अडकलेली असते. तीच पुढच्या शॉटमध्ये उतरते आणि आपल्याला वाटतं, बारीक करूनही काही फरक नाही. म्हणून खूण बदलल्यावर चार-पाच ग्रॅम बिया दळून ती पावडर टाकून द्या. जिवावर येतं, पण याशिवाय पुढचं मोजमाप खरं येत नाही.

एखादं प्रत्यक्ष उदाहरण सांगाल का?

माझ्या मावसभावाचं सांगते. तो नाशिकला असतो, घरी छोटं मशीन आणि खुणांचा विजेचा ग्राइंडर आहे. फोनवर म्हणाला, “ताई, कॉफी चिंचेच्या पाण्यासारखी लागतेय, आणि वर पातळ.” बिया चिकमगळूरच्या होत्या, धुतलेल्या अरॅबिका, मध्यमपेक्षा थोडी हलकी भाजणी, भाजून दहा दिवस झालेल्या. म्हणजे बियांमध्ये खोट नव्हती. पुढच्या रविवारी मी काटा घेऊनच गेले.

आधी त्याला म्हटलं, तू रोज करतोस तशीच कर. त्याने चमच्याने अंदाजे पावडर भरली. वजन भरलं १५.२ ग्रॅम, आणि बास्केट १८ ग्रॅमची. कप भरेपर्यंत मशीन चालू ठेवलं. १६ सेकंदांत ५१ ग्रॅम कॉफी पडली. पातळ का लागत होती ते इथेच कळलं: एक भाग पावडरीला तीन भागांहून जास्त कॉफी, तीही धावत्या पाण्याची.

दुसऱ्या शॉटला दळण तेच ठेवलं, पावडर मोजून १८ ग्रॅम घेतली आणि ३६ ग्रॅमला थांबवलं. १४ सेकंद लागले. पातळपणा गेला, पण आंबटपणा उलट वाढला. भाऊ चकित झाला. खरं तर असंच व्हायला हवं होतं. कमी पाणी गेलं म्हणजे दाटपणा वाढला, पण गोडवा बाहेर काढायला पाणीही कमी मिळालं आणि वेळही.

मग दोन खुणा बारीक: ३६ ग्रॅमला १९ सेकंद, चव कैरीवरून लिंबावर आली. आणखी दोन खुणा बारीक: २६ सेकंद. इथे पहिल्यांदा गोडवा जाणवला. धार उंदराच्या शेपटीसारखी बारीक, तांबूस तपकिरी, आणि शेवटच्या काही सेकंदांतच फिकट झाली. शेवटी किंचित टोचरा आंबटपणा उरला होता. अजून एक खूण बारीक करून पाहिली, तर ३३ सेकंद लागले आणि जीभ कोरडी पडली. म्हणजे मर्यादा ओलांडली. एक खूण मागे आलो आणि दळणाऐवजी कपातलं वजन ३६ वरून ४० ग्रॅमवर नेलं. २९ सेकंद लागले. गुळासारखा गोडवा आणि मागे मोसंबीची हलकी आंबटसर चव. भावाने तो कप खाली ठेवला नाही.

सहा शॉट आणि मधे टाकून दिलेलं दळण मिळून सव्वाशे ग्रॅम बिया लागल्या. नवी पिशवी उघडली की पुन्हा जुळवावं लागतं, पण तेव्हा दोन-तीन शॉटच पुरतात, कारण कुठल्या खुणेपासून सुरुवात करायची ते माहीत असतं.

२५ सेकंद पाळलेच पाहिजेत का?

नाही. इटलीतल्या एस्प्रेसो प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे निकष आहेत: ७ ग्रॅम पावडर, २५ सेकंद, २५ मिलिलिटर, आणि सेकंदांत पाचची मागे-पुढे मुभा. पंचविसाचा आकडा अशा परंपरेतून आलेला आहे, तिथल्या गडदपणाकडे झुकणाऱ्या भाजणीसाठी आणि छोट्या डोससाठी. हलक्या भाजणीच्या बिया टणक असतात, त्यातून गोडवा काढायला ३० ते ३५ सेकंदही लागू शकतात. गडद भाजणी २३-२४ सेकंदांतही छान होते.

आणखी एक गोष्ट मनात पक्की करा. वेळ आपण थेट बदलत नाही, ती दळण आणि डोस यांचा परिणाम म्हणून येते. शॉट १४ सेकंदांत ३६ ग्रॅम झाला असेल, तर ‘२५ सेकंद व्हायला हवेत’ म्हणून मशीन तसंच चालू ठेवू नका. त्याने ६० ग्रॅम पाणचट कॉफी मिळेल, आणि तिच्यात शेवटचा फिकट कडसर भागही येईल. वेळ कमी आली तर त्या दिवशीचा शॉट वजनावर थांबवा आणि पुढच्या वेळी दळण बारीक करा.

दळण बदलण्यापेक्षा पावडरच जास्त घातली तर?

शॉट सावकाश होतो हे खरं. चकती जाड होते, पाण्याला जास्त अडथळा येतो, त्यामुळे सेकंद वाढलेले दिसतात आणि आपण बरोबर चाललोय असं वाटतं. पण कपातलं वजन तेच ठेवलं तर जास्त पावडरीतून तेवढंच पाणी जातं, म्हणजे दर ग्रॅममागे कमी पाणी. पावडरीतला गोडवा पुरता उतरत नाही. कॉफी दाट होते, पण आंबटपणा तसाच राहतो किंवा अधिक टोचतो. म्हणून आंबटपणावर डोस वाढवणं हा उपाय नाही.

डोस बास्केटवरून ठरवा. बहुतेक बास्केटांवर ग्रॅमचा आकडा कोरलेला असतो, त्याच्या एक ग्रॅम इकडे-तिकडे राहा. तुमची पावडर त्याहून खूपच कमी असेल, माझ्या भावाच्या तीन ग्रॅमसारखी, तर आधी डोस पूर्ण करा. पातळ चकतीतून पाणी सरळ पळतं आणि दळण कितीही जुळवलं तरी अंदाज येत नाही. उलट पावडर ठासून भरली तर चकतीला फुगायला जागा उरत नाही. हे तपासायला दाबलेल्या पावडरीवर एक नाणं ठेवा, पोर्टाफिल्टर, म्हणजे बास्केट बसवलेला दांडा, मशीनला लावा आणि शॉट न काढता परत उघडा. नाणं खोल रुतलं असेल तर पावडर जास्त झाली.

डोस एकदा ठरला की तो विसरून जा. पुढचं सगळं दळणावर आणि कपातल्या वजनावर करा.

दळण आणि वेळ बरोबर आहे, तरी शेवटी थोडा आंबटपणा उरतोच. आता काय?

कपातलं वजन तीन-चार ग्रॅमने वाढवा: ३६ वरून ४०, मग ४४. जास्त पाणी गेलं की मागे राहिलेला गोडवा बाहेर येतो. थोडा दाटपणा जाईल. तो तुम्हाला किती हवा आहे यावर कुठे थांबायचं ते ठरवा. हलक्या भाजणीच्या बियांना मी सरळ पावडरीच्या अडीच पट कॉफीपासूनच सुरुवात करते.

बारीक करत गेलो, तर चव सुधारायच्या ऐवजी बिघडली. आंबट आहेच, वर तुरटही झाली.

पाण्याने चकतीत फट शोधली. दाबाखालचं पाणी जिथे चकती सैल असेल तिथून घुसतं. त्या वाटेवरची पावडर जरुरीपेक्षा जास्त धुतली जाते आणि कडू-तुरट होते. बाकीची पावडर नीट भिजतही नाही, तिच्यातून फक्त आंबटपणा येतो. दोन्ही चवी एकाच कपात भेटतात. ओळखायचं असं: बारीक केल्यावर सेकंद वाढायला हवेत, ते वाढत नाहीत किंवा चक्क कमी होतात. तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर असेल तर बाजूला पिचकाऱ्या उडताना दिसतात, आणि वापरलेल्या चकतीत बारीक भोक किंवा कडेला चीर दिसते.

आधी पावडर भरायची पद्धत सुधारा. बूच घ्या, त्यात चार-पाच अगदी बारीक सुया खोचा आणि बास्केटमधली पावडर तळापासून गोल गोल ढवळा. गुठळ्या मोडतात आणि पावडर सगळीकडे सारखी बसते. मग टॅम्पर सपाट ठेवून, पावडर आणखी खाली जात नाही असं वाटेपर्यंत दाबा. जोर किती लावला यापेक्षा टॅम्पर तिरपा झाला नाही ना, हे महत्त्वाचं. दाबल्यावर पोर्टाफिल्टरला ठोकू नका, कडेची पावडर सुटते. एवढं करूनही तसंच झालं, तर तुमच्या मशीनसाठी दळण जास्त बारीक झालं आहे. एक-दोन खुणा मागे या आणि कपातलं वजन वाढवून गोडवा काढा.

ग्राइंडर सगळ्यात बारीक खुणेवर आहे, तरी शॉट पंधरा सेकंदांतच संपतो.

भाजल्याची तारीख पाहा. दोन-तीन महिने उघडलेल्या पिशवीतल्या बियांमधला वायू उडून गेलेला असतो आणि त्यांच्यातून पाणी झरझर निघतं. बिया ताज्या असतील तर ग्राइंडर एस्प्रेसोइतकं बारीक दळत नाही असं समजा. फ्रेंच प्रेस आणि पोअर-ओव्हरसाठी केलेले बरेच ग्राइंडर इथे तोकडे पडतात. अशा वेळी मशीनबरोबर आलेली दुहेरी तळाची बास्केट वापरा. तिच्या तळाला एकच बारीक छिद्र असतं आणि अडथळा तेच निर्माण करतं. साध्या बास्केटच्या चांगल्या शॉटची खोली तिच्यात येत नाही, पण आंबट पाण्यापेक्षा ती कॉफी कितीतरी बरी.

घरच्या मिक्सरमध्ये दळलं तर? किंवा फिल्टर कॉफीची पावडर वापरली तर?

मिक्सरची पाती बिया दळत नाहीत, तोडतात. काही कण रव्यासारखे भरड आणि काही मैद्यासारखे होतात. भरड कणांतून आंबटपणा येतो, मैद्यातून कडवटपणा, आणि वेळ जुळवायला हाताशी काहीच राहत नाही. पहिला पैसा मशीनपेक्षा ग्राइंडरवर खर्च करा, असं मी प्रत्येकाला सांगते.

दाक्षिणात्य फिल्टरसाठीची पावडर घेतलीत तर पाकिटावर चिकोरी आहे का ते वाचा. चिकोरी पाण्यात लगेच विरघळते आणि रंग गडद करते, त्यामुळे शॉट दाट दिसतो आणि आपली चूक झाकली जाते. दळण जुळवताना निव्वळ कॉफीच घ्या.

सकाळचा पहिला कप आंबट, दुसरा बरा. असं का?

मशीन पुरतं तापलेलं नसतं. पाणी थंड असलं की कमी विरघळतं, आणि थंड पोर्टाफिल्टर त्यातली आणखी उष्णता खातो. दिवा लागला म्हणजे बॉयलर तापला, बाकीचं मशीन नव्हे. पोर्टाफिल्टर लावूनच मशीन पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, आणि पहिल्या शॉटआधी पावडर न घालता एकदा गरम पाणी सोडा. तापमान बदलता येत असेल तर हलक्या भाजणीला ९४-९५ अंश ठेवा, गडद भाजणीला ९० च्या आसपास.

कालच भाजून आलेल्या बिया आहेत. त्या तर सगळ्यात चांगल्या ना?

एस्प्रेसोसाठी नाही. भाजल्यानंतर पहिले काही दिवस बियांमधून कार्बन डायऑक्साइड खूप निघतो. तो पाण्याला पावडरीशी नीट भिडू देत नाही. शॉट फसफसतो, फेस भरपूर येतो आणि चव मात्र आंबट-टोचरी. आठवडाभर थांबा. हलकी भाजणी असेल तर दोन आठवडे.

मी दुधातच पितो. तरी एवढं करायचं?

दुधाने पातळपणा अजून उघडा पडतो आणि आंबटपणा दूध नासायला आल्यासारखा लागतो. दळण जुळवताना मात्र शॉट नुसताच चाखा. तो जुळला की दुधासाठी कपातलं वजन थोडं कमी करा, १८ ग्रॅमला ३० ते ३२ ग्रॅम, आणि त्यासाठी आधी एक खूण आणखी बारीक करून पाहा. नाहीतर कमी पाण्याने आंबटपणा परत येईल.

रोज नव्याने जुळवावं लागतं का?

एकच पिशवी चालू असताना नाही. बिया जुन्या होत जातात तसा शॉट हळूहळू वेगाने यायला लागतो. २८ चे २५ झाले, २५ चे २२ झाले, की अर्धी किंवा एक खूण बारीक करा. मी ग्राइंडरवर कागदाची पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर पिशवीचं नाव, भाजल्याची तारीख, खूण, डोस, कपातलं वजन आणि सेकंद पेन्सिलीने लिहिते. नवी पिशवी आली, की जुनी ओळ खोडत नाही, तिच्याखाली नवी लिहिते.